उणे दहा की अधिक दहा: भिंगांच्या स्लाइडवरून सराव प्रश्न आणि उत्तरसूची

प्रश्न: मी नाशिकरोडला दहावीला विज्ञान शिकवते. ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या धड्याच्या माझ्या २२ स्लाइड तयार आहेत. त्यावरून वीसेक सराव प्रश्न उत्तरसूचीसह काढायचे आहेत. स्लाइडमधली वाक्यं घेऊन गाळलेल्या जागा केल्या तर सगळ्यांना पैकीच्या पैकी पडतात आणि घटक चाचणीत तीच मुलं उदाहरणात अडकतात. प्रश्न कसे काढावेत?

उत्तर:

मॅडम, गाळलेली जागा भरताना मुलांना धडा आठवावा लागत नाही, तुमची स्लाइड आठवली की पुरतं. निळ्या अक्षरांत, वरून तिसऱ्या ओळीत ‘डायॉप्टर’ होतं, एवढं डोळ्यांपुढे आलं की गुण मिळाला. म्हणून प्रश्न काढायला बसण्याआधी स्लाइडचीच झाडाझडती घ्यावी लागते.

स्लाइडवरचं वाक्य जागेअभावी तोडलेलं असतं. शिकवताना आपण तोंडाने बाकीचं सांगतो, त्यामुळे ते खटकत नाही. प्रश्नात मात्र ते तुटकं वाक्य एकटं उभं राहतं. माझ्या एका स्लाइडवर ‘बहिर्गोल भिंग: वास्तव व उलट प्रतिमा’ असं होतं. त्यावरून मी ‘बहिर्गोल भिंगाने मिळणारी प्रतिमा वास्तव व उलट असते: चूक की बरोबर?’ असा प्रश्न काढला आणि उत्तरसूचीत ‘बरोबर’ लिहून मोकळा झालो. ओझरहून येणारी एक मुलगी पेपर घेऊन आली. तिच्या घरी द्राक्षबाग. ‘सर, बाबा पानावरचे थ्रिप्स भिंगातून बघतात, ते तर सुलटेच दिसतात की.’ तिचं बरोबर होतं. वस्तू प्रकाशीय केंद्र आणि मुख्य नाभी यांच्यामध्ये असेल तर प्रतिमा आभासी, सुलट आणि मोठी मिळते. हे पुस्तकातल्या तक्त्यात आहे, माझ्याही पुढच्याच स्लाइडवर होतं, पण त्या वाक्यात नव्हतं. चाळीस पेपरांवरचा एकेक गुण दुरुस्त करत बसलो.

तेव्हापासून मी स्लाइड छापून घेतो आणि प्रत्येक विधानाशेजारी पेन्सिलने ‘केव्हा?’ असं लिहितो. उत्तर ‘नेहमी’ असेल तरच ते विधान एकटं वापरायचं. ‘अंतर्गोल भिंगाचं नाभीय अंतर ऋण असतं’ हे या धड्यापुरतं नेहमी खरं आहे. ‘बहिर्गोल भिंगाची प्रतिमा मोठी असते’ हे नाही. तुमच्या २२ पैकी शीर्षकाची, चित्रांची, ‘करून पहा’ची अशा स्लाइड बाजूला केल्या की प्रश्नाला खऱ्या अर्थाने लायक सात-आठच उरतील. वीस प्रश्न त्यांतूनच निघतात. प्रत्येक स्लाइडवर एक प्रश्न हवाच, असा हट्ट धरू नका.

आता तुमची मुलं अडकतात त्या उदाहरणाकडे येतो. तुमच्या स्लाइडवर भिंगाचं सूत्र असणार आणि खाली एक सोडवलेलं उदाहरण. त्याचे आकडे बदलून आपण प्रश्न काढतो, योग्य उत्तर लिहितो आणि उरलेले तीन पर्याय मनाला येतील ते भरतो: ४५ सेमी, ७५ सेमी, ९० सेमी. असा पर्याय निवडलेल्या मुलाने काय चूक केली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण कुठल्याच चुकीतून ४५ येत नाही. म्हणून पर्याय बनवण्याआधी मीच चुकीच्या रीतींनी उदाहरण सोडवून बघतो.

हे उदाहरण घ्या. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी आहे. ५ सेमी उंचीची वस्तू भिंगापासून ३० सेमीवर ठेवली. प्रतिमा किती अंतरावर मिळेल?

```
1/v - 1/u = 1/f
f = +20, u = -30
1/v = 1/20 - 1/30 = 1/60
v = +60 cm
```

मुलं इथे दोन चुका करतात. पहिली म्हणजे u चं ऋण चिन्ह विसरणं. दुसरी म्हणजे नववीतलं आरशाचं सूत्र लावणं, म्हणजे मधे वजाऐवजी अधिक लिहिणं. यातली कुठलीही एकच चूक केली तर 1/20 + 1/30 होतं आणि v = 12 येतं. म्हणजे १२ सेमी हा एक चांगला चुकीचा पर्याय मिळाला.

पण दोन्ही चुका एकदम केल्या तर? सूत्रात अधिक आणि u = +30. मग 1/v = 1/20 - 1/30, आणि v = 60. अगदी बरोबर उत्तर! दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं. चिन्हसंकेत न कळलेला मुलगा इथे पूर्ण गुण घेऊन जातो आणि तुम्ही समजता, याला धडा आला. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. वर्गातली दोन-तीन मुलं अंतर नेहमी बरोबर काढायची आणि प्रतिमा सुलट की उलट हे विचारलं की गोंधळायची. त्यांच्या वह्या पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. हा योगायोग एका उदाहरणापुरता नाही. वस्तू नाभीच्या आत ठेवा किंवा भिंग अंतर्गोल घ्या, f चं चिन्ह नीट ठेवलं तर या जोडचुकीने v बरोबरच येतं. (खरं तर वास्तव अंतरं धन मानायची, अशी एक जुनी चिन्हपद्धत आहेच, तिच्यात हेच सूत्र लागतं. मुलांना हे सांगायला मात्र जाऊ नका.)

म्हणून नुसतं v विचारणारा प्रश्न मी सरावाच्या संचात ठेवत नाही. एक पाऊल पुढे जाऊन विचारतो: प्रतिमेची उंची चिन्हासह किती? विशालन v/u आहे, त्यामुळे u चं चिन्ह आता लपत नाही. चार रीतींनी चार वेगळी उत्तरं येतात.

```
h2 = h1 × (v/u)

−10 cm : 5 × 60/(−30)   रीत बरोबर
+10 cm : 5 × 60/30      सूत्र आरशाचे, u धन
 −2 cm : 5 × 12/(−30)   सूत्र आरशाचे, u ऋण
 +2 cm : 5 × 12/30      सूत्र बरोबर, u धन
```

हेच तुमचे चार पर्याय. भरतीचा एकही नाही. माझी उत्तरसूची म्हणजे केवळ ‘प्र. ७: अ’ अशी यादी नसते, हा तक्ताच असतो. पेपर तपासताना +१० दिसलं की शेरा तयार: ‘उत्तराचं चिन्ह पाहा, प्रतिमा पडद्यावर पडते आहे, मग सुलट कशी?’ −२ दिसलं की ‘हे आरशाचं सूत्र आहे’. मुलाला परत पाठवायचं ते त्याच्या नेमक्या चुकीकडे.

प्रश्नात ‘चिन्हासह’ हा शब्द हवाच. नाहीतर एखादा १० लिहून वाद घालेल, ‘उंची कधी ऋण असते का सर?’ आणि त्याचा वाद खोटा नाही.

आकडे २० आणि ३० का घेतले, तेही सांगतो. नाभीय अंतर २० आणि वस्तू २५ सेमीवर घेतली तर खरं उत्तर १०० येतं, पण चुकलेल्याला ११.१ मिळतं. एवढा किचकट आकडा आला की मूल थबकतं आणि पुन्हा करून बघतं. म्हणजे आकड्यानेच त्याला इशारा दिला. योग्य आणि चुकीच्या, दोन्ही रीतींनी पूर्णांक यायला हवा. त्यासाठी f आणि u यांच्या आकड्यांचा गुणाकार घ्या. त्यांच्या वजाबाकीनेही त्याला भाग गेला पाहिजे आणि बेरजेनेही. २० आणि ३० चा गुणाकार ६००, त्याला १० ने आणि ५० ने भाग जातो. १० आणि १५ ही जोडी चालते, तिथे ३० आणि ६ येतात. २० आणि ६० चालते, तिथे ३० आणि १५ येतात. त्या जोडीला वस्तूची उंची ८ सेमी दिलीत तर पर्याय −४, +४, −२, +२ असे नीट बसतात. १० आणि १५ ची जोडी वापरताना उंची मात्र बदला. ५ सेमीच ठेवली तर उत्तर पुन्हा −१० येईल आणि मागच्या बाकावरून ते पुढे सरकेल.

अजून एक गंमत. त्याच प्रश्नात ‘बहिर्गोल’ खोडून ‘अंतर्गोल’ लिहा, आकडे आणि पर्याय तेच ठेवा. आता f = -20, म्हणून 1/v = -1/20 - 1/30, v = -12, आणि उंची +२ सेमी. पर्याय एकही बदलला नाही, योग्य अक्षर बदललं. f चं ऋण चिन्ह विसरणारा इथे −१० वर जातो, कारण त्याने पहिलंच उदाहरण पुन्हा सोडवलेलं असतं. हे दोन प्रश्न संचात लागोपाठ ठेवू नका, मधे पाच-सहा प्रश्न जाऊ द्या. उत्तरसूचीचा तक्ता मात्र दुसऱ्यासाठी नव्याने करावा लागतो. पर्याय तेच असले तरी त्यांच्यामागच्या चुका वेगळ्या आहेत.

ही युक्ती कुठे तोकडी पडते, तेही लक्षात असू द्या. एखाद्याने सूत्रही आरशाचं लावलं, सगळी चिन्हंही सोडली आणि विशालनही आरशाचंच, म्हणजे −v/u घेतलं, तर त्याला −१० मिळतं आणि तो सुटतो. त्याला बहुपर्यायी प्रश्नात पकडता येत नाही. म्हणून वीस प्रश्नांत किमान दोन उदाहरणं वहीत सोडवून मागा आणि त्यांची उत्तरसूची पायऱ्यांची करा. तीन गुणांचं उदाहरण असेल तर मी एक गुण चिन्हांसह दिलेल्या किमती लिहिल्याबद्दल ठेवतो, एक योग्य सूत्रात त्या भरल्याबद्दल आणि एक एककासह उत्तराबद्दल. पहिला गुण चिन्हांवर ठेवल्यामुळे तीनही चुका करून बरोबर उत्तरावर पोचलेला मुलगा आपोआप तिथेच दिसतो. पहिल्या पायरीतली चूक पुढे नीट चालवली असेल तर पुढचे गुण कापायचे की नाही, हे उत्तरसूचीत आधीच लिहून ठेवा. मी कापत नाही. पण तुमच्या शाळेत दोघे जण तपासणार असतील तर दोघांनी एकच धोरण ठेवायला हवं.

भिंगाची शक्ती हा भाग सोपा आहे, त्यात फार वेळ घालवू नका. नाभीय अंतर सेंटिमीटरमध्ये द्या. २० सेमीचं ०.२ मीटर करून +५ D येतं, विसरलेल्याला ०.०५ D मिळतं. एवढी एक चूक पकडली की त्या स्लाइडचं काम संपलं.

तक्त्याच्या स्लाइडवर मात्र थांबा. वस्तूची सहा स्थानं आणि प्रत्येकाला प्रतिमेचं स्थान, आकार, स्वरूप. त्यातली एक ओळ उचलून ‘वस्तू 2F1 वर असता प्रतिमा कुठे मिळेल?’ असं विचारलं की मुलं तक्ता डोळ्यांपुढे आणून उत्तर देतात. तक्ता उलटा चालवा. ‘मेणबत्तीची पडद्यावरची प्रतिमा मेणबत्तीपेक्षा लहान आहे. ती मेणबत्तीएवढीच हवी असेल तर मेणबत्ती भिंगाजवळ आणाल की लांब न्याल, आणि पडदा कुठे सरकवाल?’ इथे दोन ओळींची तुलना करावी लागते. उत्तर: मेणबत्ती 2F1 च्या पलीकडे आहे, ती भिंगाजवळ आणून 2F1 वर ठेवायची आणि पडदा भिंगापासून लांब नेऊन 2F2 वर. मेणबत्ती जवळ आणली की पडदा लांब जातो, हे बऱ्याच मुलांना उलटं वाटतं. म्हणून चुकीचा पर्याय तोच ठेवा: ‘मेणबत्ती जवळ आणा, पडदाही जवळ आणा.’ ओझरच्या मुलीचा थ्रिप्सचा मुद्दाही याच तक्त्यातून विचारता येतो: ‘१० सेमी नाभीय अंतराच्या भिंगातून पानावरचा किडा मोठा व सुलटा दिसायला पान भिंगापासून किती अंतरावर धराल?’ पर्याय ८, १०, १५ आणि २० सेमी. उत्तर ८. आपल्याकडे बागायतदारांच्या घरची मुलं वर्गात असतातच, त्यांना हे वाचताना अडखळायला होत नाही. पण गोष्ट लांबवू नका, दोन ओळींच्या पुढे संदर्भ गेला की ती भाषेची परीक्षा होते.

वर्णनात्मक प्रश्न एक-दोनच घ्या, पण त्यांची उत्तरसूची सर्वांत जास्त वेळ खाते. माझा आवडता प्रश्न असा: बहिर्गोल भिंगाने पडद्यावर मेणबत्तीची प्रतिमा मिळाली आहे. भिंगाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमेत काय फरक पडेल? कारण लिहा. वर्गातली बरीचशी मुलं ‘अर्धी प्रतिमा दिसेल’ असं लिहितात. खरं तर प्रतिमा पूर्णच मिळते, फक्त तिचं तेज कमी होतं. मेणबत्तीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सर्व भागांवर पडतात, त्यामुळे उघड्या अर्ध्या भागातून जाणारे किरणही प्रत्येक बिंदूची प्रतिमा तयार करतात. हे स्लाइडवर कुठेच लिहिलेलं नसणार, पण किरणाकृतीच्या स्लाइडमधूनच ते निघतं. आपण प्रत्येक बिंदूपासून दोनच किरण काढतो आणि मुलांना वाटतं, किरण दोनच असतात.

इथे उत्तरसूचीत शब्दांचा निवाडा आधीच करून ठेवावा लागतो. ‘फिकी’, ‘कमी तेजस्वी’, ‘मंद’ यांना गुण. ‘धूसर’, ‘अस्पष्ट’ यांना नाही, कारण कडा पुसट होणं वेगळं आणि प्रकाश कमी होणं वेगळं. पंचाईत ‘अंधूक’ या शब्दाची. आपल्या बोलण्यात तो दोन्हीकडे चालतो. मी सरावाच्या पेपरात ‘अंधूक’ला गुण देतो आणि मुलाला विचारतो, म्हणजे नेमकं काय? ‘पूर्ण’ हा शब्द नसेल तर मात्र पहिला गुण नाही, कारण प्रश्न त्यासाठीच विचारलाय. आणि कारणात ‘किरण भिंगाच्या सर्व भागांतून जातात’ या अर्थाचं काहीतरी हवं. ‘भिंग बहिर्गोल आहे म्हणून’ हे कारण होत नाही.

संच गूगल फॉर्मवर देणार असाल तर आकडी उत्तर टाइप करायला लावू नका. तिथली उत्तरसूची अक्षराला अक्षर ताडून पाहते. तुम्ही `-10` लिहिलं असेल तर मुलाचं ‘−१० सेमी’ चूक ठरतं, आणि मराठी कीबोर्डवरून टाइप केलेलं ‘-१०’सुद्धा. वर दिलेल्या रीतीने पर्याय बनवले असतील तर हा प्रश्नच उरत नाही. शिवाय प्रत्येक प्रश्नाला चुकीच्या उत्तरासाठी एक शेरा जोडता येतो. तो सर्व चुकीच्या पर्यायांना एकच असतो, म्हणून तिथे तीनही चुकांचा तक्ता थोडक्यात लिहा, मूल आपली चूक स्वतः शोधेल. `Shuffle option order` चालू करणार असाल तर ‘वरीलपैकी सर्व’ असा पर्याय कुठेही ठेवू नका, तो वर जाऊन बसतो. कागदावर देणार असाल तर उत्तरसूचीतली अक्षरं एकदा मोजा. वीसपैकी अकरा ‘ब’ निघतात, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

उत्तरसूची पक्की करण्याआधी संच एक रात्र बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सूची न बघता स्वतः सोडवा. शक्य असेल तर गणिताच्या शिक्षकांना द्या. त्यांना धडा पाठ नसतो, त्यामुळे प्रश्नात काय राहून गेलंय ते त्यांना चटकन दिसतं. माझ्या एका प्रश्नात भिंग बहिर्गोल की अंतर्गोल हे लिहायचंच राहिलं होतं. मला दिसलं नाही, कारण माझ्या डोक्यात स्लाइडचं चित्र होतं.

चाचणी झाल्यावर प्रत्येक प्रश्नाला कुठला पर्याय किती जणांनी निवडला, एवढी मोजणी करा. ज्या पर्यायाला एकही मूल गेलं नाही तो पुढच्या वर्षी बदला, ती चूक तुमच्या वर्गात कोणी करत नाही. एखाद्या प्रश्नात नेहमी चांगलं करणारी चार-पाच मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर गेली असतील तर मुलांना बोलण्याआधी उत्तरसूची तपासा, बऱ्याचदा चूक तिथेच असते. आणि उंचीच्या प्रश्नात +१० ला मोठा गठ्ठा निघाला तर दुसऱ्या दिवशी तासाला फळ्यावर आरसा आणि भिंग शेजारी शेजारी काढा, दोन्ही सूत्रं खाली लिहा आणि पोरांना वजाचं चिन्ह कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा.